साडेपाचचं जेवण

आमच्या पिठाच्या डब्याशेजारी दोन वर्षांपासून एक छोटा वजनकाटा आहे. सोनाराकडं असतो तसा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. धाकट्याला टाइप वन मधुमेह निघाला तेव्हा तो सात वर्षांचा होता. दवाखान्यातून परतताना हातात इन्सुलिनची पेन होती, आणि डोक्यात एकच हिशेब: ताटातली पिठूळ आणि गोड वस्तू मोजायची, तिच्याएवढं इन्सुलिन द्यायचं. सासूबाईंचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. "हे कशापासून करतात?" पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, आता माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूंत किंवा यीस्टमध्ये घालून तयार करतात, असं डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कुठं त्या शांत झाल्या.

मोजणी मला वाटली होती तेवढी अवघड निघाली नाही. एकच गोष्ट उशिरा कळली. भाकरी मोजायची नसते, पीठ मोजायचं असतं. भाकरीत पाणी किती राहिलं, ती किती भाजली, यावर तिचं वजन बदलतं. कोरडं पीठ बदलत नाही. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. म्हणून त्याच्या भाकरीचं चाळीस ग्रॅम पीठ मी वेगळं मळते, त्याची अठ्ठावीस धरते. भाताचं उलट. तो शिजलेलाच मोजते, शंभर ग्रॅमला अठ्ठावीस. पण सासूबाई मऊ भात करतात त्या दिवशी पाणी जास्त, म्हणून आकडा थोडा कमी. चौघांच्या आमटीला साठ ग्रॅम तूरडाळ घेतली तर त्याच्या वाट्याला आठ येतात. पालेभाजी मी मोजत नाही. बटाटा आमच्या घरात येतच नाही, त्यामुळं एक डोकेदुखी आपोआप कमी.

डॉक्टरांनी त्याच्यासाठी दिलेलं प्रमाण असं: संध्याकाळच्या जेवणाला पंधरा ग्रॅममागं एक युनिट. शिवाय जेवणाआधी साखर १२०च्या वर असेल तर दर ऐंशीमागं एक युनिट जादा. हे आकडे त्याचे आहेत. दुसऱ्या मुलाचे वेगळे असतात, आणि आमचेही वर्षभरात दोनदा बदलले.

आता अडचण कुठली, तर सूर्याची. आम्ही मावळायच्या आत जेवतो. बेळगावला जूनमध्ये सात वाजेपर्यंत उजेड असतो, तेव्हा काही घाई नाही. डिसेंबरात मात्र सहाच्या सुमारास सूर्य जातो, आणि शाळेची गाडी येते साडेचारला. पोरगं भुकेलेलं. येता येता खायला पाहिजे, आणि तासाभरात जेवायलाही पाहिजे.

त्या दिवशी साडेचारला त्याला एक वेलची केळ दिलं. सोलून पन्नास ग्रॅम, म्हणजे बारा कर्बोदकं. त्यासाठी एक युनिट टोचलं. पाच वीसला जेवणाआधी बोट टोचून पाहिलं तर १९८. ताटात भाकरी अठ्ठावीस, साठ ग्रॅम भात सतरा, आमटी आठ, वाटीभर दूध सात. साठ झाले, म्हणजे चार युनिट. आणि १९८ ही १२०पेक्षा अठ्ठ्याहत्तर जास्त, म्हणून आणखी एक. मी पाच दिलं, आणि माझ्या हिशेबावर खूश झाले. गणितात चूक नव्हतीच.

चूक दुसरीकडं होती. ते १९८ केळ्याचं होतं. फळ खाल्ल्यावर पाऊण तासानं साखर वर असणारच. तिला खाली आणणारं युनिट तासाभरापूर्वीच आत गेलेलं होतं, आणि त्याचं काम अजून संपलेलं नव्हतं. जलद इन्सुलिन तास-दोन तासांत जोर धरतं आणि तीन-चार तास चालत राहतं. मी त्याच साखरेवर दुसऱ्यांदा औषध घातलं. त्यात साहेबांनी दूध प्यालं, भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "भात नको, पोट भरलं." सतरा ग्रॅम ताटातच. म्हणजे एक युनिट तिथंही जादा.

पावणेआठला तो गृहपाठ करता करता म्हणाला, "आई, हातपाय थरथरायलेत." कपाळावर घाम, ओठ पांढरे. बोट टोचलं तर ६२. मी उठले आणि क्षणभर थबकले. घरात रात्री कुणाच्या तोंडात काही पडत नाही, चूल विझलेली. मला कुणी अडवलं असतं असं नाही, पण पंचवीस वर्षांची सवय अंगात असते.

सासूबाई मात्र थबकल्या नाहीत. सूर्यास्तानंतर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. त्याच उठल्या, वाटीत तीन चमचे साखर घातली, पाणी ओतलं, ढवळलं. "आधी पाज त्याला. हे काय जेवण न्हवं, औषध हाय." तीन चमचे म्हणजे पंधरा ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, ६८. पुन्हा तीन चमचे. मग ९६ आली आणि त्याच्या ओठांना रंग आला. नंतर वहीत लिहिताना माझ्या ध्यानात आलं की दोन वेळची साखर मिळून तीस ग्रॅम झाली. माझं जादा दिलेलं दोन युनिट बरोबर तेवढ्याचंच होतं.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, आधीच्या इन्सुलिनला तीन-चार तास झाले नसतील तर वाढीव साखरेचं युनिट द्यायचं नाही, फक्त ताटातल्या कर्बोदकांचं द्यायचं. एवढं साधं, पण मला वाटत होतं जास्त साखर दिसली की लगेच औषध हवंच.

तेव्हापासून हिवाळ्यात चारला काय द्यायचं ते बदललं. शाळेतून आला की मूठभर भाजलेले शेंगदाणे, सोबत काकडी. कर्बोदकं फार थोडी, त्यासाठी वेगळं टोचत नाही. केळ ताटात, साडेपाचच्या जेवणाबरोबर, एकदाच मोजून. मग आधीचं काही शिल्लक नसल्यामुळं जेवणाआधीचा आकडा खरा असतो. आणि भात ताटात घालायच्या आत त्याला विचारायचं, खाणार का? हो म्हणाला आणि नंतर राहिलाच, तर त्याच्या जागी तेवढेच ग्रॅम मिळतील असं काहीतरी सूर्य असेपर्यंत द्यायचं. सासूबाई घाटावरच्या सगळ्या आज्यांसारख्या. पूर्वी "अजून अर्धी घे" म्हणत त्याला वाढायच्या. आता विचारतात, "सुई देण्याआधी सांग, अर्धी वाढवू काय?" मग मी वीस ग्रॅम पीठ जास्त मोजते.

झोपताना एकदा साखर बघतो. भाकरी आणि डाळ सावकाश पचतात, म्हणून लवकर जेवलेल्याचं पुढं काय होतं ते दहाला कळतं. उशाशी ग्लुकोजची पावडर असते. डबीवर सासूबाईंनी पेन्सिलीनं लिहिलंय, "रात्रीचं औषध".