मॅनेजरचं म्हणणं

पत्र दीड पानाचं होतं. विषय : वरिष्ठांची सूचना न पाळल्याबद्दल लेखी ताकीद. पहिल्यांदा वाचलं ते त्यातलं खोटं शोधायला. सापडलं नाही.

मॅनेजरचं म्हणणं त्यात क्रमाने नोंदवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ५.४० वाजता कॉलवर त्यांनी मला प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर मायग्रेशन चालवायला सांगितलं. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, "मी नाही करणार, दुसऱ्या कुणाला सांगा." कारण विचारल्यावर "तुम्हाला माहितीये" म्हणून कॉल सोडला. टीममधले दोघं ऐकत होते.

कारण होतं. बॅकअप रोज घेतला जायचा, पण त्यावरून डेटाबेस पुन्हा उभा राहतो का, हे कुणी तपासलं नव्हतं. मायग्रेशन एक जुना कॉलम कायमचा काढणार होतं. चुकलं असतं तर परतीचा रस्ता तो बॅकअपच. हे मी मॅनेजरना दोन आठवड्यांपूर्वी टपरीवर चहा पिताना सांगितलं होतं. लेखी कुठेच नव्हतं. शेवटी एका सहकाऱ्याने मायग्रेशन चालवलं आणि काहीही बिघडलं नाही.

बाबांची अख्खी नोकरी भोसरीतल्या कारखान्यात गेली. पत्र वाचून ते म्हणाले, "सही करताना 'पत्र मिळालं' एवढंच लिही आणि तारीख टाक. 'मान्य' लिहू नकोस." मग विचारलं, "त्यांनी कायद्याबाहेरचं काही सांगितलं होतं का?"

"नाही."

"जिवाला धोका होता?"

"नाही."

"मग तुझा नकार कशावर उभा होता?"

त्यांनी मला १९४६च्या स्थायी आदेशांच्या कायद्याबद्दल सांगितलं. त्याखालच्या नमुना आदेशांत वरिष्ठांचा कायदेशीर आणि वाजवी आदेश जाणूनबुजून न पाळणं हेही गैरवर्तनात मोडायचं. मी 'वाजवी' हा शब्द धरून बसलो. पण आदेश वाजवी नाही असं म्हणायला कारण त्याच वेळी सांगावं लागतं. मी फक्त नकार दिला होता.

उत्तरात मी तीन गोष्टी लिहिल्या. घटनाक्रम बरोबर आहे. कारण न सांगता कॉल सोडला, ते चुकलं. आणि कारण हे होतं. बॅकअप तपासल्याची नोंद असेल तर दाखवावी. एचआरने ताकीद मागे घेतली नाही. उत्तर मात्र फाइलमध्ये पत्राला जोडलं. आता ती फाइल उघडणाऱ्याला दोन्ही बाजू वाचाव्या लागतील.

तीन महिन्यांनी तसंच काम पुन्हा आलं. या वेळी मी तिकिटावर लिहिलं : "बॅकअपवरून रिस्टोअर अजून तपासलेलं नाही. बिघडलं तर डेटा परत मिळेलच असं नाही. तपासायला एक दिवस लागेल. तरीही आज चालवू का?"

काही मिनिटांत मॅनेजरचं उत्तर आलं. "हो, चालव."

मी चालवलं. हात थरथरत होता. पण या वेळी धोका माझ्या शब्दांत नोंदवलेला होता, आणि निर्णय त्यांच्या.