दीड पानाचा मेल दहा ओळींवर आणला, त्याची गोष्ट

आज फवारणीचं नाही, एका मेलचं लिहितोय.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी मुखेड तालुक्यात, लातूर जिल्ह्याच्या शिवेजवळ. सभासदांची तूर घ्यायची, मिनी डाळ मिलवर डाळ करायची अन् नांदेड-लातूरच्या दुकानदारांना द्यायची. अडचण दरवर्षी एकच. जानेवारीत तूर निघाली की सभासदाला रोख पैसा पाहिजे, अन् कंपनीकडं साडेतेरा लाखाच्या वर नसतो. बाकीची तूर अडत्याकडं जाते. तारण कर्ज मिळतं, पण माल गोदामात आल्यावर. आमचं घोडं अडतं ते त्याच्या आधी.

म्हणून मागच्या साली पुण्याच्या एका गुंतवणूक करणाऱ्या संस्थेला मेल केला होता. दीड पान! सुरुवात पावसाच्या लहरीपणापासून. मग ४१२ सभासद, मग देशातली डाळीची हजारो कोटींची बाजारपेठ. शेवटी भांडवल पाहिजे, मशीन पाहिजे, मार्गदर्शन पाहिजे, अन् बदल्यात कंपनीत भाग देतो म्हणून लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं : उत्पादक कंपनीचे भाग आम्हाला घेता येत नाहीत.

चूक माझीच. कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीचे भाग फक्त उत्पादकालाच घेता येतात, बाहेरच्या पैसेवाल्याला नाही. त्याला भागच पाहिजे असेल तर वेगळी प्रायव्हेट लिमिटेड काढावी लागते. आपल्यासारख्यानं मागायचं ते कर्ज. हे आधी माहीत असतं तर एक हंगाम वाया गेला नसता.

यंदा पोरीला जवळ बसवलं. ती बी.कॉम. झालेली. तिनं पहिलंच विचारलं, "बाबा, ४१२ पैकी तूर किती जणांनी घातली?" म्हणलं, ९६. "मग ९६ लिहा. अन् डाळ एकदा घेऊन परत कितीजण आले?" वही काढली. ११ दुकानं, त्यातली ८ तीनदा किंवा जास्त वेळा परत आली. ती म्हणाली, पैसे देणारा हाच आकडा बघतो, सभासदांचा नाही.

बाजाराचंही तसंच. हजारो कोटी आमच्या काय कामाचे? २०११ च्या जनगणनेत नांदेड शहर साडेपाच लाखांचं अन् लातूर शहर ३ लाख ८३ हजारांचं. मिळून सव्वानऊ लाखांच्या वर. घरात पाच माणसं धरली तर १ लाख ८६ हजार घरं. घराला महिन्याला दीड किलो तूरडाळ हा आमचा अंदाज, दुकानदारांना विचारून काढलेला. वर्षाला साधारण ३३ हजार क्विंटल होते. आम्ही विकली १२६ क्विंटल, म्हणजे शंभरात अर्धासुद्धा वाटा नाही. आकडा लहान दिसला म्हणून मला जरा लाजच वाटली, पण खरा आहे, अन् कुणी विचारलं तर गणित मांडून दाखवता येतं.

दोन दुकानदारांकडं आमचे १ लाख ४० हजार अडकलेत. ते लिहावं का नाही, यावर घरात वाद झाला. मी नको म्हणत होतो. शेवटी लिहिलं, कारण ऑडिटमध्ये ते दिसणारच होतं.

मेल असा गेला :

"विषय : तूर खरेदीसाठी ६ महिन्यांचे २५ लाख कर्ज, मुखेड, जि. नांदेड

नमस्कार. आमची उत्पादक कंपनी सभासदांच्या तुरीची डाळ करून नांदेड-लातूरला विकते. मागच्या हंगामात ९६ सभासदांकडून १८० क्विंटल तूर घेतली, १२६ क्विंटल डाळ केली. ११ दुकानांपैकी ८ दुकानं तीन किंवा जास्त वेळा परत आली. १.४० लाख उधारी थकली आहे.

आमच्या अंदाजाने या दोन शहरांत वर्षाला सुमारे ३३,००० क्विंटल तूरडाळ खपते. आम्हाला त्यातला शंभरातला एक भाग गाठायचा आहे.

त्यासाठी १५ जानेवारीच्या आत २५ लाख रुपये, ६ महिन्यांच्या मुदतीचं कर्ज हवं आहे. ७,५०० रुपये क्विंटलने त्यात सुमारे ३३० क्विंटल तूर येते. माल गोदामात तारण राहील, डाळ विकेल तशी परतफेड होईल. देता येईल का, एवढंच कळवावं."

मशीन नाही, मार्गदर्शन नाही, भेट नाही. एकच मागणं. चार गोष्टी मागितल्या की वाचणारा त्यातली सगळ्यात सोपी उचलतो अन् "शुभेच्छा" म्हणून मोकळा होतो.

भाव वर गेला तर ३३० क्विंटल येणार नाही, हे मेलमध्ये लिहायचं राहिलं. फोन आला तर आधी तेच सांगणार.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन वर्षांचं ऑडिट अन् ती उधारी कोणाकडं किती दिवसांची आहे, ते मागितलंय. एका वर्षाचं ऑडिट अजून सीएकडंच पडलंय. उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला चाललोय. रानात तुरीच्या शेंगा वाळायला लागल्यात.