“कुठलं म्हणायचं?”

व्हायवाला एक्स्टर्नलसमोर बसणं सोपं. तिथं निदान सिलॅबस असतो. रूममेटच्या आजोबांसमोर पहिल्यांदा बसलं की काय बोलायचं, हे कुठल्याच युनिटमध्ये नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी रूममेटबरोबर कळमनुरीला गेलो होतो. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. मी चिपळूणचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचा. एस.टी.त मी त्याला एकच विचारून ठेवलं, “घरात त्यांना काय म्हणतात?” “आजोबांना आबा, आजीला माय.” मग मीही तेच म्हणायचं ठरवलं. फक्त तो मायला ‘तू’ म्हणतो, पाहुण्याने मात्र ‘तुम्ही’च म्हणावं.

चपला उंबऱ्याबाहेर, ओट्यावरच्या बादलीतून पायावर पाणी, मग आत. आबा खाटेवर आडवे होते. झोपलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत, म्हणून ते उठून बसेपर्यंत थांबलो. गळ्यात तुळशीची माळ दिसली. वाकून नमस्कार करत “रामकृष्ण हरी, आबा” म्हटलं. माळ नसती तर “राम राम” चाललं असतं. त्याच गल्लीत एका मुसलमान मित्राच्या घरी गेलो, तिथं पायाला हात न लावता “सलाम” केला.

आबांचं वय पंच्याऐंशीच्या आसपास. वयानं ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे आवाज गळतात आणि बोलणं ऐकू येऊनही कळत नाही. त्यामुळे ओरडून फायदा नसतो, उलट शब्द फाटतात. रूममेटनं सांगितलं होतं की त्यांचा उजवा कान बरा आहे. मी त्या बाजूला, चेहऱ्यावर उजेड पडेल असा बसलो आणि नेहमीच्या आवाजात, पण सावकाश बोललो. ते नुसती मान हलवून हसले की समजायचं, ऐकू गेलेलं नाही. मग तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं.

आता मुख्य प्रश्न. “कुठलं म्हणायचं?”

याला आपण कॉलेजचं आणि ब्रँचचं नाव सांगतो. त्यांना ते नको असतं. त्यांना तुम्हाला नकाशावर ठेवायचं असतं. नुसतं “चिपळूण” म्हटलं असतं तर बोलणं तिथंच संपलं असतं. मी म्हणालो, “चिपळूणचा, आबा. कोयना धरणाचं पाणी वीज करून झालं की आमच्या वाशिष्ठी नदीत येतं.” आबा सरसावून बसले. “कोयना? तिकडं भूकंप झालता ना!” १९६७चा भूकंप त्यांनी रेडिओवर ऐकलेला. मग मी विचारलं, “इसापूरचं धरण व्हायच्या आधी पैनगंगा कशी होती?” इसापूर कळमनुरीपासून जवळचंच. पुढचा पाऊण तास मला फक्त “मग?” एवढंच म्हणावं लागलं. नदीवरून रझाकारांवर आले, १९४८च्या पोलीस ॲक्शनवर आले, आणि निजामाचा कारभार उर्दूत चालायचा म्हणून घरात कागद आला की वाचून घ्यायला कुणाकडं जावं लागे तेही सांगितलं. “रझाकारांबद्दल सांगा” असं मी आल्या आल्या विचारलं असतं तर मिळालं नसतं. त्या आठवणी काही घरांत दुखऱ्या आहेत. त्या त्यांनी काढल्या तर ऐकाव्यात.

मध्येच “आडनाव काय?” आलंच. हा प्रश्न कधी सरळ ओळखीचा असतो, कधी जात कळावी म्हणून असतो, आणि आवाजावरून फरक कळत नाही. मी आडनाव सांगितलं, त्यांनी पुढं काही विचारलं नाही. आमच्या होस्टेलमधला एक दोस्त आपलं नाव, वडिलांचं नाव आणि गाव सांगून थांबतो. माझ्या मते त्याचं बरोबर आहे. पुन्हा विचारलं गेलं तर उत्तर द्यायची जबाबदारी पाहुण्याची नाही, घरच्या पोराची. “आबा, माझा दोस्त हाय, बास” एवढं त्यानं म्हणायला हवं. ज्याला हे म्हणता येत नाही त्यानं मित्राला घरी बोलावण्याआधी विचार करावा.

मायनं काहीच विचारलं नाही, तिनं ताट वाढलं. तिसऱ्या भाकरीला मी ताटावर हात धरला, तर “कामून लाजायलास?” म्हणून हाताच्या फटीतून भाकरी आलीच! तेव्हा ‘नको’ म्हणू नये, ‘अर्धी’ म्हणावं. आमटीला वेगळाच वास होता. “माय, यात काय घालता?” “येसर.” गहू, हरभऱ्याची डाळ, धने भाजून कसं दळायचं ते तिनं चुलीपाशी बसवून सांगितलं. पोळपाटाला मी हात लावायला गेलो तर मात्र हाकलून दिलं.

निघताना पुन्हा पाया पडलो आणि “येतो” म्हटलं. “जातो” म्हणायचं नसतं हे कोकणातही आहे. मायनं येसराची पुडी दिली. आबा रूममेटला म्हणाले, “ह्या कोयनेवाल्याला उन्हाळ्यात आण, धरण दाखवू.”