बायसला मी आता किती घाबरतो

ज्या अंदाजात बायस आहे तो वापरायचाच नाही, असं मी बरीच वर्षं मानत होतो आणि वर्गातही तसंच शिकवत होतो. संख्याशास्त्र शिकवायला सुरुवात होते तीच 'अनबायस्ड' या गुणापासून. सगळे शक्य नमुने घेतले आणि प्रत्येकातून येणारा अंदाज लिहून त्यांची सरासरी काढली, तर ती बरोबर खऱ्या आकड्यावर यायला हवी. गुणोत्तर पद्धतीच्या अंदाजाची सरासरी तिथे येत नाही, थोडी बाजूला पडते. एवढ्या कारणावरून ती पद्धत मला दुय्यम वाटायची. आज ती मी आधी शिकवतो आणि बायसचा हिशेब तिच्यासोबतच मांडतो. हे मत का बदललं आणि कुठे मात्र बदललं नाही, ते लिहितो.

कोल्हापूर भागात उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. गावातल्या कुणाचा किती गुंठे ऊस आहे हे कारखान्याच्या ऊस-नोंदीतून किंवा सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीतून कळतं. टन मात्र तोड होऊन गाडी वजनकाट्यावर गेल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून थोडे शेतकरी निवडायचे, त्यांचे एकूण टन भागिले एकूण गुंठे असं गुणोत्तर काढायचं आणि त्याला गावाच्या एकूण क्षेत्राने गुणायचं. अडचण इतकीच की छेदातले गुंठेही नमुन्यागणिक बदलतात. म्हणजे वर-खाली दोन्हीकडे हलणाऱ्या संख्या आहेत, आणि बायस शिरतो तो इथूनच.

एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी हीच पद्धत घेतली होती. मी तिला साध्या सरासरीवर यायला सांगितलं. तिने वाद घातला नाही. समजायला सोपे असे चार काल्पनिक शेतकरी तिने फळ्यावर मांडले. त्यांचं क्षेत्र १०, २०, ३० आणि ६० गुंठे, आणि ऊस अनुक्रमे १२, १८, २८ आणि ५० टन. एकूण १२० गुंठ्यांत १०८ टन, म्हणजे गुंठ्याला ०.९ टन. यातून दोघांचा नमुना घ्यायचा तर जोड्या सहाच होतात. गुणोत्तर पद्धतीने त्या सहा जोड्यांतून गावाचा एकूण ऊस असा आला: १२०, १२०, १०६.३, ११०.४, १०२ आणि १०४ टन. सरासरी ११०.४. खरा आकडा १०८, म्हणजे बायस साधारण अडीच टनांचा.

मग त्याच सहा जोड्या तिने माझ्या आवडत्या पद्धतीने मांडल्या. क्षेत्राकडे बघायचंच नाही, दोघांच्या टनांची सरासरी काढायची आणि चाराने गुणायचं. अंदाज आले ६०, ८०, १२४, ९२, १३६ आणि १५६. सरासरी बरोबर १०८, बायस शून्य. पण प्रत्यक्षात आपल्या हाती सहा जोड्या नसतात, एकच असते. ती ६० टन सांगणारी निघाली तर बायस शून्य असल्याचा शेतकऱ्याला काय उपयोग? या अंदाजांची स्टँडर्ड एरर ३३ टनांची आहे. गुणोत्तर पद्धतीची ७.२, आणि बायस धरून एकूण चूक मोजली तरी ७.६. अडीच टनांचा बायस टाळण्यासाठी मी चौपटीहून जास्त मोठी चूक पत्करायला सांगत होतो.

एका उदाहरणाने मत बदलू नये. ते पक्कं झालं ते बायसचं मूळ पुन्हा नीट पाहिल्यावर. नमुन्यातलं गुणोत्तर गुणिले नमुन्यातली क्षेत्राची सरासरी बरोबर नमुन्यातली टनांची सरासरी, हे प्रत्येक नमुन्यात तंतोतंत खरं असतं. आणि टनांच्या सरासरीत बायस नाही. एवढ्यावरून, कुठलीही अंदाजी पायरी न घेता, असं निघतं:

बायस = −Cov(r, x̄) / X̄

इथे r हे नमुन्यातलं गुणोत्तर, x̄ नमुन्यातली क्षेत्राची सरासरी आणि X̄ सगळ्या गावाची. म्हणजे नमुन्यात मोठी क्षेत्रं आली की गुणोत्तर खाली जातं का, यावर बायस ठरतो. आता कोणत्याही दोन संख्यांचा सहसंबंध १ पेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणून बायस भागिले गुणोत्तराची स्टँडर्ड एरर, हे प्रमाण x̄ च्या सीव्हीच्या वर जाऊच शकत नाही. सीव्ही म्हणजे x̄ ची स्टँडर्ड एरर भागिले X̄. हा निष्कर्ष हार्टली आणि रॉस यांनी १९५४ मध्ये मांडला. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की ही मर्यादा फक्त क्षेत्रावरून काढता येते. एकही गाडी काट्यावर जाण्याआधी, बायस जास्तीत जास्त किती त्रास देईल हे कळू शकतं. फळ्यावरच्या उदाहरणात हा सीव्ही ०.३६ आहे आणि प्रत्यक्ष प्रमाण ०.३४, म्हणजे मर्यादेच्या अगदी जवळ.

ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्ष बायस साधारण किती, याचंही सूत्र आहे. नमुना n चा, गावात एकूण N शेतकरी, गावाचं खरं गुणोत्तर R, गावातल्या क्षेत्राचं व्हेरियन्स Sx² आणि क्षेत्र-टनांचं कोव्हेरियन्स Sxy, तर

बायस ≈ (1 − n/N) (R·Sx² − Sxy) / (n·X̄²)

उदाहरणात हे गुंठ्याला ०.०१६७ येतं, १२० गुंठ्यांवर २ टन. खरा बायस अडीच होता. दोनच्या नमुन्यावर सूत्राने एवढं जवळ यावं हे चांगलंच म्हणायचं. कंसातली वजाबाकी बघण्यासारखी आहे. क्षेत्र आणि टन यांची रेषा शून्यातून जात असेल तर ती शून्य होते आणि सूत्रातला बायस संपतो. आपल्या चौघांत १० गुंठेवाल्याला गुंठ्याला १.२ टन पडतात, ६० गुंठेवाल्याला ०.८३. रेषा शून्याच्या वरून निघते, म्हणून अंदाज चढा येतो. लहान तुकड्याला उतारा जास्त पडतो असं जिथे दिसेल तिथे बायस चढाच असणार, हे आधीच ओळखता येतं.

आता नमुना वाढवू. बायस n च्या पटीत घटतो, स्टँडर्ड एरर n च्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणून दोघांतलं प्रमाण आपोआप उतरत जातं. क्षेत्रांमधला फरक या चौघांइतकाच असलेलं मोठं गाव घेतलं आणि पन्नासेक शेतकऱ्यांचा नमुना काढला, तर x̄ चा सीव्ही ०.१ वर येतो. बायस तेव्हा स्टँडर्ड एररच्या दहाव्या भागाहून जास्त असूच शकत नाही. तो पूर्ण दहावा भाग धरला तरी ९५ टक्क्यांच्या हमीचं काय होतं? १.९६ स्टँडर्ड एररच्या पट्ट्याबाहेर खरा आकडा १०० तून ५ वेळा पडायला हवा, त्याऐवजी ५.१ वेळा पडतो. एवढ्यासाठी पद्धत सोडणं मला आता समर्थनीय वाटत नाही. क्षेत्राच्या सरासरीचा सीव्ही ०.१ च्या आत असेल तर बायस बिनधास्त सोडून द्यावा, असं मी आता सांगतो.

पण याच हिशेबाने एक जागा अशी दाखवली, जिथे माझी जुनी भीती योग्य होती. जिल्ह्यात १२ तालुके आहेत. समजा प्रत्येक तालुक्यात हेच चार शेतकरी आहेत, आपण दोघे-दोघे निवडले, प्रत्येक तालुक्याचं वेगळं गुणोत्तर काढलं आणि बारा अंदाजांची बेरीज केली. नमुना २४ चा झाला, म्हणून बरं वाटतं. पण बायस सगळीकडे चढाच आहे, तो सरळ बेरजेने वाढतो: बारा वेळा अडीच, सुमारे २९ टन. स्टँडर्ड एरर मात्र १२ च्या वर्गमुळाने वाढते, ती होते २५. बायस स्टँडर्ड एररच्याही पुढे गेला. आता खरा आकडा पट्ट्याबाहेर पडण्याचं प्रमाण १०० तून ५ वरून वीस-बावीसवर जातं. एकूण नमुना कितीही मोठा दिसो, वेगळी गुणोत्तरं काढताना बघायचा तो प्रत्येक तालुक्यातला नमुना.

तोच नमुना एकत्रित गुणोत्तराने वापरला, म्हणजे बाराही तालुक्यांचे टन आणि गुंठे आधी बेरीज करून मग एकदाच भागाकार केला, तर १२९६ टनांवर बायस फक्त २ टनांचा आणि स्टँडर्ड एरर सुमारे २० ची राहते. याची किंमत अशी, की तालुक्या-तालुक्यांचा उतारा खरोखरच वेगळा असेल तर एकत्रित गुणोत्तराची अचूकता कमी होते. शिरोळचा बागायती पट्टा आणि गगनबावड्याचा डोंगराळ भाग एका गुणोत्तरात कोंबावा असं मला वाटत नाही. तिथे प्रत्येक तालुक्यात नमुना वाढवावा. तेही जमत नसेल तर बायस काढून टाकणाऱ्या पद्धती वापराव्यात. हार्टली-रॉस यांची दुरुस्ती आहेच. आणि त्याआधी, १९५१ मध्ये, डी. बी. लाहिरी यांनी दाखवलेली वाटही आहे: एखादा नमुना निवडला जाण्याची शक्यता त्यातल्या एकूण क्षेत्राच्या प्रमाणात ठेवायची, मग साधं गुणोत्तरच अनबायस्ड होतं.

पीक कापणी प्रयोगांना शास्त्रीय नमुना निवडीचा पाया देणारे पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. त्यांचं नमुना सर्वेक्षणावरचं पुस्तक १९५४ चं. या विषयातला बराच विचार शेताच्या बांधावरच्या गरजेतून आला आहे, आणि बांधावर एकूण चूक किती हेच विचारलं जातं.

दोन गोष्टींना मात्र मी आजही सूट देत नाही. पहिली, प्रत्येक शेतकऱ्याचा गुंठ्यामागचा उतारा काढून त्या उताऱ्यांची सरासरी घेणं. आपल्या चौघांत ती ०.९६७ येते, म्हणजे १०८ ऐवजी ११६ टन. इथे चौघांनाही मोजलं तरी आठ टनांची चूक तशीच राहते, नमुना वाढवून ती जात नाही. दुसरी, एकूण क्षेत्राचा आकडाच चुकीचा असणं. गावाचे गुंठे पाच टक्के जास्त नोंदले असतील तर टनही पाच टक्के जास्त येतील, आणि वरचं कुठलंही सूत्र ते पकडणार नाही.

सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि शेतकी विभागातल्या मंडळींना एवढीच विनंती आहे. गुणोत्तराने काढलेला अंदाज कागदावर लिहाल तेव्हा त्याच्या शेजारी नमुन्यातल्या क्षेत्राच्या सरासरीचा सीव्ही लिहा, आणि तालुकावार गुणोत्तरं काढली असतील तर प्रत्येक तालुक्याचा वेगळा लिहा.