फिरवलेली दवंडी

आमच्या घरी गोधड्या शिवल्या जातात. शिवते अर्थात सौ.; माझ्याकडे जाहिरातीचे खाते आहे. म्हणजे काय, तर नवी गोधडी झाली की तिचे छायाचित्र, मोजमाप आणि किंमत आधी आमच्या संकेतस्थळावरच्या दुकानात चढवायची, मग फेसबुकाच्या पानावर आणि मग इन्स्टाग्रामवर. एकच मजकूर तीनदा. तिसऱ्या वेळेला हटकून किंमत चुके.

तेव्हा भाच्याने तोडगा सांगितला. २०११ साली झॅपियर निघाले, आणि आता त्या जातीच्या पुष्कळ सोयी झाल्या आहेत. त्यांत प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. 'अमुक घडले की तमुक कर' एवढे चौकटींत भरून द्यायचे. घडते ते ट्रिगर, करायचे ते ॲक्शन. आमचा ट्रिगर ठरला तो गुगल शीटमधल्या तक्त्यात नवी ओळ येणे. ॲक्शन तीन: दुकानात वस्तू मांडणे, फेसबुकवर टाकणे, इन्स्टाग्रामवर टाकणे. एकदा लिहा, तीन गावांत दवंडी!

पहिल्याच दिवशी सौ.ने तक्त्यात 'निळी गोधडी' एवढे लिहिले आणि दूध उतू जाते म्हणून ती आत धावली. परत येऊन पाहते तो तिन्ही ठिकाणी निळी गोधडी झळकलेली, पण बिनकिमतीची! तिने घाईने किंमत भरली, तर काही हलेना. यंत्राच्या दृष्टीने ती ओळ एकदा पाहून झाली होती. पाहिलेल्या ओळीकडे ते पुन्हा वळत नाही. मग आम्ही शेवटी 'तयार' असा एक रकाना वाढवला. ट्रिगरही बदलला: नवी ओळ न पाहता त्या रकान्यातला बदल पाहायचा, आणि तिथे 'हो' असेल तरच पुढे जायचे. आता सगळे भरून, दूध उतरवून, मगच 'हो' लिहायचे.

महिनाभर मी मोठ्या ऐटीत होतो. मग ती जांभळी गोधडी आली. सौ.च्या आईच्या दोन जुन्या नऊवारींची. तशी दुसरी होणे नाही. रात्री अकराला नागपूरच्या एका गृहस्थांनी ती दुकानातून पैसे भरून घेतली. सकाळी फेसबुकवरून सोलापूरच्या एका बाईंनी विचारले, "मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला हवी आहे, आहे ना?" सौ.ने "आहे" म्हटले. बाईंनी तिथल्या तिथे यूपीआयने पैसे पाठवले.

दुपारी घोटाळा उमगला. मी यंत्राच्या कामाची नोंद उघडली. तीन ओळी, तिन्ही 'यशस्वी'. त्याचे बरोबरच होते. मांडायला सांगितले, त्याने मांडले. उचलायला कोणी सांगितले होते?

"अहो, तिला मी शब्द दिला होता," एवढेच सौ. म्हणाली. सोलापूरला पैसे परत गेले, फोनवर क्षमा मागून झाली; पण त्या दिवशी सुई तिच्या हातात नव्हती.

मग मी बसलो. पहिल्या व्यवस्थेत एक पायरी वाढवली: प्रत्येक ठिकाणी मांडणी झाली की तिचा दुवा तक्त्यातल्या त्याच ओळीत परत लिहायचा. त्याशिवाय काय पुसायचे ते कळणार कसे? मग दुसरी व्यवस्था केली. तिचा ट्रिगर म्हणजे दुकानात आलेली मागणी. तिने ओळीत 'विकली' लिहायचे आणि उरलेल्या दोन ठिकाणांचे दुवे सौ.च्या फोनवर धाडायचे. तिथला मजकूर मात्र आम्ही हातानेच बदलतो.

तरी मधली काही मिनिटे उरतातच. रात्री अकराला आम्ही झोपलेले असलो तर काही तासही. तेवढ्यात दुसरे कोणी विचारले तर? त्यावर उपाय यंत्रात नव्हता, व्यवहारात होता. पैसे आता एकाच ठिकाणी घेतो, दुकानात. तिथे प्रत्येक गोधडीचा साठा एक असा लिहिलेला असतो. एक गेली की दुकान दुसऱ्याला ती विकतच नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर नुसती दवंडी. तिथे कोणी विचारले तर सौ. "आहे" म्हणत नाही, दुकानाचा दुवा देते आणि म्हणते, "तिथे दिसली तर तुमची."

परवा सोलापूरच्या त्याच बाईंनी पुन्हा विचारले. नातीला आता दात येताहेत म्हणे. सौ.ने सवयीने दुवा पाठवला, मग थांबली आणि मला म्हणाली, "अहो, ती पिवळी आहे ना, तिच्यापुढे 'हो' लिहू नका. ती मी यांनाच देणार."

तीन गावे त्या पिवळ्या गोधडीला मुकली. ओळ तशीच आहे, 'तयार'चा रकाना कोरा.