दीडशेची कोठी

शहापुरात घर झालं त्या वर्षी एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा वर्षाचे गहू एकदम भरले. आम्ही पाच माणसं. महिन्याला साधारण साडेबारा किलो गहू लागतात, म्हणून पन्नास किलोचे तीन कट्टे घेतले. आमच्याकडे गहू पिकत नाही. तो घाटावरून, नाशिक-जुन्नरकडून येतो. दुकानात पत्र्याची कोठी बघितली. दुकानदार म्हणाला, "ही दीडशेची." दीडशे किलो गहू, दीडशेची कोठी, मी निर्धास्तपणे ती उचलली.

तिसरा कट्टा ओतायला घेतला आणि कोठी काठोकाठ भरली. पस्तीस किलो गहू बाहेरच राहिला. दुकानदाराने सांगितलं ते दीडशे लिटर होतं, आणि मी ऐकलं दीडशे किलो.

उरलेला गहू कट्ट्यातच बांधून भिंतीला टेकवून ठेवला. शहापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जुलैत भिंतीला ओल आली आणि गणपतीच्या आधी मोदकांच्या तयारीत कट्टा हलवला, तर खाली पीठ सांडलेलं. आत हात घातला तर मधोमध धान्य चक्क कोमट लागलं. सोंडकिडा दाण्याच्या आत अंडं घालतो, अळी आतल्या आत दाणा पोखरते. वरून काही दिसत नाही. मूठभर गहू पाण्यात टाकला, तर निम्मे दाणे तरंगले. ते पोकळ झाले होते.

माझं माहेर मुरबाडकडचं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, धान्य वजनानं नाही, जागेनं भरायचं असतं. आमची पायली काय किलोची होती का?" खरंच, पायली हे भरण्याचं माप होतं, तोलण्याचं नव्हे. मग मी लिटरचं माप घेतलं, सपाट भरलं आणि काट्यावर ठेवलं. गहू सुमारे 770 ग्रॅम भरला, तांदूळ 830 आणि माहेरचं सालीसकट भात 570. म्हणजे दीडशे लिटरच्या कोठीत गहू 115 किलोच मावणार होता. चूक कोठीची नव्हती.

आईचं भात कणगीत राहतं आणि लागेल तसं पोतं गिरणीवर जातं. साल असेपर्यंत तांदळाला कीड कमी लागते, म्हणून मलाही तेच करावंसं वाटलं. पण आम्हाला वर्षाला 180 किलो तांदूळ लागतो. शंभर किलो भातातून हाती येतो साधारण 65 किलो तांदूळ. म्हणजे 277 किलो भात ठेवायला हवं, आणि त्याला 486 लिटर जागा. तोच तांदूळ 217 लिटरमध्ये मावतो. शहापूरच्या दोन खोल्यांत कणगी बसणार नव्हती. आता दिवाळीत कापलेलं भात माहेरीच मुरतं आणि मार्चमध्ये मी त्याचा तांदूळ भरडून आणते. नव्या तांदळाचा चिकट गोळा होतो, तोही प्रश्न मिटला.

पुढच्या वर्षी टेप घेऊन दुकानात गेले. 45 सेंटीमीटर व्यासाच्या आणि 70 सेंटीमीटर उंचीच्या चार कोठ्या घेतल्या. एकीत 111 लिटर. गव्हाच्या दोन कोठ्यांत 75-75 किलो भरला की वर जेमतेम हाताचा पंजा बसेल इतकी जागा उरते. तांदळाच्या दोन कोठ्या 90-90 किलोंनी जवळजवळ भरतात. एकच मोठी कोठी स्वस्त पडली असती, पण ती पावसाळाभर उघडावी लागली असती आणि दर वेळी ओली हवा आत गेली असती. आता गव्हाची आणि तांदळाची एकेक कोठी जूनपासून दसऱ्यापर्यंत बंदच असते. उघड्या कोठीतून महिन्याचं धान्य एकदाच डब्यात काढते.

गव्हाला दोन दिवस कडक ऊन देते. दाणा दाताखाली कटकन् फुटला पाहिजे. मग रात्रभर पसरून पूर्ण थंड करते, कारण गरम धान्य झाकलं की पत्र्याला आतून घाम येतो. मग तळहात जेमतेम तेलकट होईल इतकं एरंडेल चोळून भरते. तांदळाला मात्र ऊन दाखवत नाही, दाणा तडकून कणी होते. त्याला सावलीतली हवा पुरते. कोठ्या विटांवर, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवल्या आहेत.

कोठी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढं नक्की विचारा: सांगतोस तो आकडा लिटरचा की किलोचा? आणि किलोचा असेल, तर कोणत्या धान्याचा?