'टू' आणि क्रियापद यांच्यामधली फट

वांकिडीकडचा पक्षकार आपले म्हणणे मराठीत सांगतो, कधी तेलुगूत; आम्हांस ते इंग्रजीत मांडावे लागते. अशा मसुद्यात 'टू क्विकली फिनिश' आले की एखादे ज्येष्ठ सहकारी तांबडी रेघ ओढतात. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालणे हा दोष, असे त्यांस शाळेत शिकवलेले असते. आमच्या मते हा दोष नव्हे.

आपल्याला हा वाद परका वाटतो, कारण 'संपवण्यास' या शब्दात धातू आणि प्रत्यय एकजीव झालेले असतात. मध्ये 'लवकर' शिरावयास फटच नाही. तेलुगूचेही तसेच. इंग्रजीतला 'टू' मात्र सुटा आहे, आणि त्या फटीचा उपयोग इंग्रज लेखक शतकानुशतके करीत आले. 1864 साली हेन्री आल्फर्ड या धर्मोपदेशकाने तिला हरकत घेतली. पुढे शाळामास्तरांनी तिचा नियम केला. 1926 च्या आपल्या कोशात फाउलरने दाखवले, की फट टाळण्याची ओढाताण कित्येकदा अधिक वाईट वाक्य जन्मास घालते.

भाडेकराराचेच वाक्य घ्या: 'द टेनन्ट अग्रीड प्रॉम्प्टली टू रिपेअर द रूफ.' भाडेकरूने तत्परतेने कबुली दिली, की तत्परतेने दुरुस्ती करण्याची कबुली दिली? दोन्ही अर्थ निघतात, आणि छप्पर गळू लागले की प्रतिपक्ष सोयीचा तेवढा उचलतो. 'टू प्रॉम्प्टली रिपेअर' लिहिल्यास ही पळवाट बंद होते. 'प्रॉम्प्टली' वाक्याच्या शेवटी नेले तरी चालते. पण छपरापुढे भिंती, कठडा आणि 'जे मालक दाखवील ते' अशी शेपटी जोडली, की तो शब्द भलत्याच क्रियापदाला चिकटतो.

म्हणून तपासताना आम्ही क्रियाविशेषण शेवटी नेऊन वाक्य मोठ्याने वाचतो. 'टू फिनिश द वर्क क्विकली' सहज वाचता येते. तेव्हा ज्यांस फट खटकते त्यांच्यासाठी ते खुशाल हलवावे. 'टू मोअर दॅन डबल द रेन्ट' मात्र हलवून पाहा! तेथे फटीवाचून गत्यंतर नाही.

20 जानेवारी 2009 रोजी ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी 'फेथफुली' हा शब्द जागचा हलवून वाक्याच्या शेवटी नेला. दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून शपथ पुन्हा घ्यावी लागली. तेथे 'टू' नव्हे, 'विल' होते. तरी क्रियापद फोडण्याची हीच भीती कारणीभूत असावी, असा तर्क भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी केला. आपल्या राज्यघटनेच्या 60 व्या अनुच्छेदातील राष्ट्रपतींच्या शपथेतही 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्यामध्ये 'फेथफुली' बसलेलेच आहे.